पारण्याचा बेत : तिथीपासून मागे मोजत

दशलक्षण पर्व जवळ आले की गावोगावच्या घरगुती भोजनव्यवसायांत एकाच प्रश्नाची चर्चा सुरू होते : यंदा पारण्याला काय करावे? पदार्थांची नावे कागदावर उतरतात, मग भाव विचारले जातात, मग थाळीची किंमत ठरते आणि शेवटी निवेदन निघते. हा क्रम स्वाभाविक वाटतो. तथापि शोधाच्या स्वयंपाकाला तो लागू पडत नाही. येथे सर्व गोष्टी पारण्याच्या तिथीपासून मागे मोजत याव्या लागतात, आणि त्याचे कारण एका छोट्या नियमात आहे. पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच दिवस आणि पावसाळ्यात तीनच दिवस धरली जाते. भाद्रपद हा पावसाळ्यातला महिना. या तीन दिवसांतून धान्याची खरेदी, ऑर्डर घेण्याची शेवटची तारीख, थाळ्यांची संख्या आणि काही अंशी किंमतही निघते.

सेनगाव तालुक्यातील पुसेगावासारख्या गावातले एक घरगुती स्वयंपाकघर डोळ्यांपुढे ठेवून हा हिशेब मांडून पाहू. घरची एक भगिनी मुख्य, मदतीला दोन जणी, दोन तवे आणि साठ थाळ्या. वर्ष २०२६ घेऊ. गतवर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. यंदा ज्येष्ठात अधिक मास आल्यामुळे ती २५ सप्टेंबरला, शुक्रवारी येते. एकोणीस दिवसांचा हा फरक लक्षात न घेता मागच्या वर्षीच्या वहीवरून सामान भरणाऱ्याचे सारे गणित सुरुवातीलाच चुकते.

चतुर्दशीचा उपवास करणाऱ्यांचे पारणे २६ तारखेला सकाळी येईल. पण रत्नत्रय व्रत करणारे त्रयोदशी, चतुर्दशी आणि पौर्णिमा असे तीन दिवस धरतात, त्यांचे पारणे प्रतिपदेला, म्हणजे २७ तारखेला. ऑर्डर घेताना ‘आपल्याकडे पारणे कोणत्या दिवशी?’ हा पहिला प्रश्न असावा. पुष्कळ ठिकाणी तो विचारलाच जात नाही आणि मग एकाच गल्लीत दोन दिवस दोन वेगळ्या थाळ्या पाठविण्याची धांदल उडते. येथे आपण २६ तारखेच्या साठ थाळ्यांचाच विचार करू.

२६ तारखेला वापरायचे पीठ तिसऱ्या दिवसाच्या आत हवे, म्हणून दळण २४ तारखेला. २५ ला दळले तर मर्यादेत एक दिवस अधिक मिळेल हे खरे. परंतु चतुर्दशीचा दिवस पूजेचा, आणि स्वयंपाक करणाऱ्या भगिनींचाही बहुधा उपवास. त्यातून पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. २४ ला दळण ठेवले तर वीज गेल्यास एक दिवस हाती राहतो. रत्नत्रयवाल्या घरांची थाळी स्वीकारली असेल, तर मात्र हेच पीठ २७ ला चौथ्या दिवशी जाते. त्यांच्यासाठी २५ ला वेगळे दळण करावे लागेल, अन्यथा ती ऑर्डर नम्रपणे नाकारावी. तीन दिवसांचा नियम साऱ्या योजनेला कसा वळवतो, ते येथे दिसते.

दळणाविषयी आणखी एक गोष्ट. गावच्या चक्कीत आधी कोणाचे काय दळले गेले आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. घरघंटी असेल तर उत्तम. नसेल तर सकाळी चक्की सुरू होताना पहिला नंबर घ्यावा, आधी आपलाच किलोभर गहू दळून ते पीठ बाजूला काढावे आणि त्यानंतरचे पीठ शोधाला घ्यावे. बाजूला काढलेले पीठ वाया जात नाही, घरच्या रोजच्या वापरात जाते. पण हिशेबात तो किलोभर गहू धरलेला असावा.

आता बेत. पारण्याला काय करावे, याआधी काय करू नये हे ठरवावे लागते. कंदमुळे नाहीत, हे सांगायला नको. पण दोन चुका अशा आहेत, की त्या चांगल्या अनुभवी घरांतही होतात. पहिली द्विदलाची. दह्याचा, ताकाचा किंवा न तापविलेल्या दुधाचा कडधान्याशी संयोग झाला की तो पदार्थ अभक्ष्य ठरतो. काही वर्षांपूर्वी आमच्याच हातून ही चूक झाली. सणाची थाळी म्हटल्यावर श्रीखंड हवेच, म्हणून वाटीभर श्रीखंड ठेवले आणि शेजारी वरण. दोन्ही पदार्थ स्वतंत्रपणे निर्दोष. परंतु एका ताटात, एकाच घासात ते एकत्र येणार हे आमच्या ध्यानात आले नाही. कित्येक घरांतून श्रीखंडाची वाटी तशीच परत आली, आणि त्या वाट्यांचा खर्च आमच्याकडेच राहिला. तेव्हापासून कडधान्य असलेल्या ताटात दह्याचा पदार्थ ठेवायचा नाही, असा नियमच आम्ही करून टाकला.

दुसरी चूक मुगाची. मोड आलेले कडधान्य अनंतकाय म्हणून वर्ज्य. उसळीसाठी रात्री मूग भिजत घालून निथळून ठेवण्याची आपली सवय असते. भाद्रपदाच्या दमट उबेत सकाळपर्यंत त्या मुगाला पांढरे टोक फुटलेले असते. ते इतके बारीक असते, की घाईत नजरेत येत नाही, पण सावलीत ओंजळभर मूग पसरून पाहिले की ओळखू येते. सोपा मार्ग असा, की मूग भिजवूच नये. अख्खा मूग धुऊन थेट कुकरला लावला तरी तीन-चार शिट्ट्यांत शिजतो. वाटल्यास पाण्याचे प्रमाण थोडे वाढवावे.

हे सर्व ध्यानी घेऊन एक साधा बेत ठरवू : गव्हाच्या दलियाची लापशी, दोन पोळ्या, बिनमोडाच्या मुगाची उसळ, तुरीचे वरण व भात आणि दोडक्याची किंवा दुधीची भाजी. याशिवाय ज्यांनी उपवास केला आहे, त्यांच्यासाठी लहान डब्यात मुगाचे पातळ कढण, सुंठ आणि जिरे घालून. दहा दिवस उपवास केलेल्या व्यक्तीने लापशी-पोळीवर एकदम बसू नये. आधी कढण, मग थोड्या अंतराने मऊ भात, अशा क्रमाने अन्नाकडे परतावे. दीर्घ उपवासानंतर एकाएकी पोटभर जेवल्याने प्रकृती बिघडू शकते, आणि ज्यांना औषधे चालू आहेत त्यांनी वैद्यांना विचारूनच पारणे करावे. कढणाच्या डब्याचे वेगळे पैसे लावू नयेत असे मला वाटते. त्याला लागणारे मूग मूठभरच असतात, आणि व्रत करणाऱ्याच्या हाती पहिला घास आपण देतो.

या बेतासाठी साठ जणांना साधारण आठ किलो गहू लागतो. त्यातला पाच किलोच्या आतबाहेर पोळ्यांना, अडीच किलोच्या आतबाहेर दलियाला. उरलेली तूट निवडण्या-दळण्यातली. चक्कीला आधी दळायचा किलोभर गहू यात धरलेला नाही. मूग तीन किलो, तूरडाळ दोन किलोहून किंचित जास्त, तांदूळ चार किलोंवर, भाजी सात किलो, गूळ अथवा साखर अडीच किलोच्या आसपास आणि तूप सव्वा किलो.

यातील मुगाची आणि तुपाची खरेदी सर्वांत आधी करावी लागते. आपल्या भागात मुगाची काढणी श्रावण-भाद्रपदातच होते, त्यामुळे पर्वाच्या सुमारास बाजारात नवे मूग दिसू लागतात आणि नवे म्हणून लोक ते आनंदाने घेतात. पण पावसात सापडलेले नवे मूग ओलसर असतात. डब्यात भरले की उबतात, त्यांना कुबट वास येतो. दाण्याला दातांखाली धरून पाहावे. कट असा आवाज होऊन तो फुटला तर वाळलेला, आणि दबून चेपला तर ओला. जुने मूग घ्यायचे तर दाण्यावर भुंग्याची भोके आणि पांढऱ्या ठिपक्यांसारखी अंडी नाहीत ना, हे भिंगातून पाहावे. किडलेले धान्य स्वस्त मिळाले म्हणून घेऊन उन्हात घालणे म्हणजे त्यातील जीव मारणेच; ते घरात येऊच देऊ नये. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या मुगाचे दोन-चार किलो ज्यांच्या घरी असतील, त्यांचे काम सोपे आहे.

हळदीच्या बाबतीत आपण सुदैवी. हिंगोलीची हळदीची बाजारपेठ आपल्या जिल्ह्यातच, आणि वसमतच्या हळदीला तर भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. परंतु दळलेल्या मसाल्यालाही पिठासारखीच मर्यादा धरली जाते, म्हणून पुडी घेण्याऐवजी हळकुंडे घ्यावीत आणि खलबत्त्यात ठेचून, मग मिक्सरमध्ये लागेल तेवढीच दळावीत. साठ थाळ्यांना शंभर ग्रॅम हळद पुष्कळ होते. हळकुंड मोडताना खट्टकन मोडले पाहिजे आणि आतला रंग नारिंगी-पिवळा दिसला पाहिजे. बाहेरून अतिशय तेजस्वी पिवळे आणि ओल्या बोटाला लगेच रंग देणारे हळकुंड रंगविलेले असण्याचा संभव असतो. पावसाळ्यात हळकुंडालाही कीड लागते. सुईच्या टोकाएवढी भोके आणि पिशवीच्या तळाशी बारीक भुकटी दिसली तर ती हळद नको.

तुपाचे काम मात्र संथ असते. अनेक दिवस साय साठवून काढलेले तूप शोधाच्या स्वयंपाकात घेत नाहीत. दूध तापवायचे, विरजायचे, दुसऱ्या दिवशी घुसळायचे आणि निघालेले लोणी न ठेवता लगेच कढवायचे, हीच पद्धत. सव्वा किलो तुपाला म्हशीचे सुमारे वीस लिटर दूध लागते. एका दिवशी एवढे दूध मिळणे आणि घुसळणे लहान घराला जमत नाही. पण तुपाला पिठासारखी दिवसांची अट नाही. स्वाद आणि वास बदलेपर्यंत ते चालते. म्हणून श्रावणातच आठवड्यातून दोनदा थोडे थोडे तूप काढायला आरंभ करावा. ज्याने हे केले नाही, त्याला शेवटच्या आठवड्यात बाजारच्या तुपाकडे वळावे लागते आणि ग्राहकाने ‘तूप घरचे का?’ असे विचारल्यावर मान खाली घालावी लागते.

भाजी मात्र चतुर्दशीच्या आदल्या दिवशी घेऊन ठेवू नये. २५ च्या संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वी ताजी आणावी, कापणे सकाळी. तिथीला हिरवी भाजी न खाणारी काही घरे पौर्णिमेलाही ती घेत नाहीत. त्यांच्या थाळीत भाजीऐवजी उसळ अधिक, हे ऑर्डरच्या वेळीच लिहून घ्यावे.

आता साठ हाच आकडा का, ते सांगतो. शोधाच्या स्वयंपाकात चूल सूर्योदयानंतर पेटते. २६ सप्टेंबरला आपल्याकडे सूर्योदय सव्वासहाच्या आतबाहेर. अभिषेक-पूजा आटोपून लोक पारण्याला नऊच्या सुमारास बसतात, म्हणजे डबे पावणेनऊला बाहेर पडले पाहिजेत. हाती अडीच तास. त्यातील पहिला अर्धा तास पाणी गाळणे, तापविणे आणि कणीक मळण्यात जातो. शेवटचा अर्धा तास डबे भरण्यात. उरला दीड तास. एक सराईत भगिनी एका तव्यावर तासाला चाळीसच्या आसपास पोळ्या लाटून भाजते. दोन तव्यांवर दीड तासात एकशे वीस, म्हणजे दोन पोळ्यांच्या साठ थाळ्या. तिसरी भगिनी तेवढ्या वेळात मूग, वरण, भाजी आणि लापशी सांभाळते. भात सर्वांत शेवटी. आपली क्षमता पातेल्यांवर किंवा सामानावर अवलंबून नाही, ती तव्यांवर अवलंबून आहे. ऐंशी थाळ्या घ्यायच्या असतील तर तिसरा तवा आणि चौथी व्यक्ती आधी मिळवावी. पहाटे चारला चूल पेटवून आकडा वाढविण्याचा मोह होतो, पण मग ते शोधाचे अन्न राहत नाही. लापशी मात्र थोडी सैल ठेवावी, कारण गार होताना ती घट्ट बसते.

किमतीकडे वळू. पुढचे भाव उदाहरणादाखल धरले आहेत; आपापल्या बाजारातले आकडे घालून हिशेब पुन्हा करावा. वर सांगितलेले सर्व सामान, तेल, मसाले व सुकामेवा धरून साधारण ३,२५० रुपयांत बसते. त्यात एकट्या तुपाचे ८४० रुपये, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त. निवडण्यात जाणारे आणि सांडलवंड यांसाठी आठ टक्के वाढवले की ३,५१० रुपये, म्हणजे थाळीमागे सुमारे ५९ रुपये. येथे पुष्कळ जण थांबतात, ‘जवळजवळ दुप्पट लावू’ म्हणतात आणि ११० रुपये किंमत ठेवतात.

पण खर्च येथे संपत नाही. दोन मदतनीस भगिनींची निवडणे-दळण्याच्या आणि स्वयंपाकाच्या दिवसाची मजुरी १,६०० रुपये. मुख्य भगिनीची स्वतःची मजुरी १,००० रुपये. ही कोणी धरीत नाही, आणि त्यामुळेच तीन वर्षांनी ‘एवढे करून हाती काही राहत नाही’ म्हणून काम बंद पडते. गॅस ५०० रुपये, पत्रावळ व डबे ७२०, पोहोचविण्याचे पेट्रोल ३००, दळण १५०. एकूण ७,७८० रुपये, थाळीमागे १३०. ११० रुपयांना विकलेल्या साठ थाळ्यांत ६,६०० रुपये येतात आणि ११८० रुपयांचा तोटा होतो. तो दिसत नाही, कारण तो आपल्याच श्रमातून भरून निघालेला असतो. १५० रुपये ठेवले तर साठ थाळ्यांवर मजुरी वजा जाता १,२२० रुपये उरतात, आणि वीज जाणे, डबा सांडणे, एखादी ऑर्डर रद्द होणे यांना आधार मिळतो.

हीच किंमत चाळीस थाळ्यांना मात्र पुरत नाही. मजुरी आणि पेट्रोल थाळ्या कमी झाल्या म्हणून कमी होत नाहीत. चाळीस थाळ्यांचा खर्च ६,१७० होतो आणि जमा ६,०००. त्रेचाळीसच्या आसपास जमाखर्च बरोबरीला येतो. म्हणून काम हाती घेण्याआधी पंचेचाळीस ऑर्डरींचा आकडा मनाशी धरावा, आणि तेवढ्या न आल्यास एक मदतनीस व एक तवा कमी करून थाळ्या तीसवर आणाव्यात. व्यवसाय म्हणून अन्न विकायचे असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी आणि व्यावसायिक गॅस सिलिंडर या दोन्ही गोष्टी आधीच करून घ्याव्यात; ऐन पर्वात त्यांच्यामागे धावता येत नाही.

राहिला निवेदनाचा काळ. शेवटची तारीख आधी ठरवू. २४ ला दळण, म्हणून २३ ला सामान निवडून तयार, म्हणून ऑर्डर २२ तारखेच्या संध्याकाळी बंद. त्यानंतर आलेली ऑर्डर घेतली, की नेमके तिच्याच वेळी पीठ कमी पडते आणि दुकानातले पीठ आणावेसे वाटते.

पहिले निवेदन रक्षाबंधनाला, म्हणजे २८ ऑगस्टला करावे. विष्णुकुमार मुनींच्या कथेमुळे त्या दिवशी मंदिरात समाज एकत्र येतोच. तेव्हा किंमत सांगू नये असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. किंमत लपविली की लोक ‘मग विचारू’ म्हणतात आणि विसरतात. दुसरे निवेदन पर्व सुरू होण्याच्या दोन-तीन दिवस आधी. घरात यंदा कोण किती उपवास करणार, हे साधारण तेव्हाच ठरते, आणि ऑर्डरी त्याच दिवसांत येतात. पर्व सुरू झाल्यावर मात्र लापशीची छायाचित्रे मोबाईलवर फिरवू नयेत. कोणी उत्तम तप धर्माची पूजा करून निर्जळ बसले आहे आणि त्याच वेळी त्याच्या हातातल्या फोनवर तुपाची धार दिसते, हे अप्रशस्त आहे. आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही त्याचा उपयोग होत नाही, कारण मन वळलेले लोक आधीच वळलेले असतात. या दहा दिवसांत एकच ओळ पुरे : ऑर्डर २२ तारखेला संध्याकाळी सहा वाजता बंद होईल.

निवेदनात लिहायचे ते थोडे आणि नेमके असावे. उदाहरणार्थ : ‘पारणे थाळी, शनिवार २६ सप्टेंबर, सकाळी पावणेनऊपर्यंत घरपोच. गहू २४ तारखेला दळलेला. तूप घरचे. मूग बिनमोडाचे. थाळीत दही-ताक नाही. किंमत १५० रुपये, ६० थाळ्याच.’ यातील प्रत्येक वाक्य म्हणजे ग्राहकाच्या मनातल्या एकेका शंकेचे उत्तर आहे, आणि ते खरे ठरविणे आपल्या हाती आहे. ‘शुद्ध सात्त्विक स्वादिष्ट’ असे शब्द सगळेच लिहितात. पण दळण्याची तारीख लिहिणारा क्वचितच आढळतो.

श्वेतांबर बांधवांचे संवत्सरीनंतरचे पारणे याच्या आधी येते आणि त्यांचे नियम काही बाबतींत निराळे आहेत, विशेषतः हिरव्या भाज्यांचे. त्यांच्यासाठी बेत करायचा तर पदार्थ बदलतील, तिथी बदलेल. पण मोजणी तशीच पारण्याच्या सकाळपासून मागे करीत यावी लागेल. आणि पाऊस लांबला असेल तर चक्कीवाल्याला आदल्या आठवड्यातच सांगून ठेवावे, की २४ ला पहिला नंबर आमचा.